फ्लॅट दाखवणाऱ्या छोट्या व्हिडिओची स्क्रिप्ट: एजंटांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रीसेलचे फ्लॅट विकणारे एजंट स्क्रिप्टबद्दल नेहमी जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरणाला पुण्यातल्या कोथरूडचा एक नमुना फ्लॅट घेतला आहे: टू बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही, मागणी ९२ लाख. आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे घालताना स्क्रिप्टचा सांगाडा तसाच ठेवता येईल.

स्क्रिप्ट लिहायला सुरुवात कुठून करायची?

शेवटापासून. बघणाऱ्याने नेमकं काय करायचं आणि त्याला त्या बदल्यात काय मिळणार, ती शेवटची बारा-पंधरा सेकंदं आधी लिहून काढा. ती लिहिताना तुम्हालाच ठरवावं लागतं की फ्लॅट कधी दाखवणार, चौकशी फोनवर घेणार की व्हॉट्सॲपवर, आणि चौकशी आल्यावर पाठवायला हाताशी काय आहे. यातलं काही ठरलेलं नसेल तर व्हिडिओ कितीही देखणा निघाला तरी शेवटी "अधिक माहितीसाठी संपर्क करा" हेच तोंडातून येतं.

त्यानंतर गेल्या काही फ्लॅटच्या वेळी फोनवर काय काय विचारलं गेलं ते आठवून कागदावर लिहा. बहुतेक वेळा यादी अशी निघते: किंमत किती, कार्पेट किती, कितवा मजला, लिफ्ट आहे का, पार्किंग आहे का, पाणी कसं आहे, मेंटेनन्स किती, कागद क्लिअर आहेत का. स्क्रिप्टचं प्रत्येक वाक्य यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर असलं पाहिजे. ज्या वाक्यातून कुठलंच उत्तर मिळत नाही, उदाहरणार्थ "तुमच्या स्वप्नातलं घर", ते खोडा.

व्हिडिओ किती लांब असावा?

टू बीएचकेला साठ ते ऐंशी सेकंद पुरतात. वन बीएचके पंचेचाळीसमध्ये आटोपतो. चालत, दाखवत, मध्ये थांबत बोलायचं असलं की मराठीत मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्दांपेक्षा जास्त आरामात बसत नाहीत. म्हणजे पंच्याहत्तर सेकंदांना एकशे तीसच्या आसपास शब्द. स्क्रिप्ट दोनशे शब्दांची झाली असेल तर भरभर वाचून ती बसवू नका, शब्द कापा.

पहिल्या वाक्यात काय सांगायचं?

भाग, कार्पेट, किंमत. आणि ज्या एका गोष्टीमुळे घर पाहायला आलेला माणूस जिन्यातूनच परत फिरेल, ती गोष्टही तिथेच सांगायची.

आपल्या नमुन्यात ती गोष्ट म्हणजे लिफ्ट नसणं. एजंटांना वाटतं, हे आधी सांगितलं तर चौकशाच येणार नाहीत. चौकशा कमी होतात हे खरंच आहे. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आईला घेऊन आलेलं कुटुंब दुसऱ्या मजल्यावरच थांबतं तेव्हा तुमचा रविवारचा एक तास जातो, आणि पुढच्या वेळी तुमच्या दुसऱ्या चांगल्या फ्लॅटवरही त्यांचा विश्वास बसत नाही. उलट "लिफ्ट नाही" हे ऐकूनही जो मेसेज करतो, त्याला तिसरा मजला चालणार असतो. किंमत त्यामुळेच आवाक्यात आहे, हेही त्याच्या लक्षात आलेलं असतं.

"नमस्कार, मी अमुक, आमच्या चॅनलवर आपलं स्वागत" याने सुरुवात करू नका. तुमचं नाव पूर्ण वेळ स्क्रीनच्या कोपऱ्यात राहू द्या, तेवढं बास.

एक पूर्ण स्क्रिप्ट दाखवाल का?

ही घ्या. साधारण पंच्याहत्तर सेकंदांची आहे. आधी कॅमेरा कुठे आहे ते, मग बोलायचा मजकूर.

*पहिली आठ सेकंदं. तुम्ही हॉलमध्ये खिडकीकडे तोंड करून उभे, कॅमेरा तुमच्यावर.*
"कोथरूडमध्ये ६२० कार्पेटचा टू बीएचके, ब्याण्णव लाखांत. तिसरा मजला आहे आणि लिफ्ट नाही, हे आधीच सांगतो."

*कॅमेरा मुख्य दारात जातो आणि हॉलमध्ये सावकाश आत येतो.*
"दारातून आत आलं की हा हॉल, अकरा बाय सोळा. सोफा या भिंतीला, जेवणाचं टेबल इथे, आणि मधून चालायला जागा उरते."

*किचन. बोलता बोलता नळ सोडा.*
"किचनचा ओटा एल आकाराचा, अकरा फूट. मागे ड्राय बाल्कनी, वॉशिंग मशीनचा नळ तिथेच आहे. पाणी महापालिकेचं."

*मोठी बेडरूम, कॅमेरा दारातून खिडकीकडे. मग लहान बेडरूम.*
"मोठी बेडरूम दहा बाय साडेअकरा, खिडकी पूर्वेला. डबल बेड आणि तीन दारांचं कपाट मावतं. ही दुसरी लहान आहे, नऊ बाय दहा. मुलांची किंवा कामाची खोली म्हणून धरा."

*बाथरूमच्या दारातून, आत न जाता.*
"बाथरूम दोन. याच्या फरशा जुन्या आहेत, बदलून घ्याव्या लागतील."

*बाल्कनी. खाली पार्किंग दिसेल असा कोन.*
"इमारत २००१ची. भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट, कन्व्हेयन्स तिन्ही आहे. मेंटेनन्स महिना अडीच हजार, झाकलेलं पार्किंग एक."

*शेवटची पंधरा सेकंदं. पुन्हा तुम्ही, कॅमेऱ्याकडे बघून. नंबर स्क्रीनवर मोठा.*
"या शनिवारी आणि रविवारी सकाळी दहा ते एक फ्लॅट दाखवणार आहे. पाहायचा असेल तर या नंबरवर आत्ता ‘कोथरूड’ एवढंच व्हॉट्सॲप करा. खोल्यांची मापं, लोकेशन आणि नोंदणीसकट एकूण खर्चाचा हिशेब लगेच पाठवतो. वेळ त्यातूनच निवडा."

यात "प्रशस्त", "आलिशान", "हवेशीर" यातला एकही शब्द नाही. "अकरा बाय सोळा" ऐकलं की माणूस स्वतःच्या हॉलशी तुलना करतो आणि प्रशस्त आहे की नाही ते त्याचं तो ठरवतो. फरशांचं वाक्य मात्र मालकाला आवडणार नाही. त्यांना सांगा की बाथरूमच्या फरशा तशाही व्हिजिटला दिसणारच आहेत, आणि तिथे उभं राहून भाव पाडण्यापेक्षा त्या धरून आलेला ग्राहक बरा.

शेवटचं आवाहन जोरदार कसं करायचं? "लवकर करा, शेवटची संधी" असं म्हणायचं का?

रीसेलचा फ्लॅट एकच असतो, तेव्हा "शेवटची संधी" म्हणण्यात तसंही काही अर्थ नाही. आणि तीन आठवड्यांनी तोच व्हिडिओ पुन्हा समोर आला की ते वाक्य खोटं ठरतं. आवाहनाला जोर येतो तो त्यात किती गोष्टी नक्की आहेत त्यावरून.

वरच्या स्क्रिप्टचा शेवट पुन्हा वाचा. करायची कृती एकच आहे: एक शब्द पाठवणं. "फोन करा किंवा व्हॉट्सॲप करा किंवा कमेंट करा किंवा ऑफिसला भेट द्या" असे चार रस्ते दिले की माणूस "नंतर बघू" म्हणून पुढे सरकतो. शब्दही असा हवा जो टाइप करायला सोपा आहे आणि ज्यावरून तुम्हाला कळेल की कुठल्या फ्लॅटची चौकशी आहे. तुमचे एका वेळी सहा व्हिडिओ फिरत असतील तर "हाय, इंटरेस्टेड" या मेसेजचं तुम्ही काय करणार?

दुसरं, बदल्यात काय मिळणार ते सांगितलं आहे. नंबर दिला की एजंट महिनाभर फोन करत राहणार, ही भीती लोकांना असते आणि ती अगदीच निराधार नाही. मापं, लोकेशन आणि खर्चाचा हिशेब या कामाच्या तीन गोष्टी लगेच मिळणार म्हटल्यावर मेसेज करायला कारण मिळतं.

तिसरं, वेळ. "कधीही या" यातून घाई निर्माण होत नाही. "शनिवार-रविवार दहा ते एक" यातून होते, आणि ती खरी असते, कारण किल्ली खरंच तेव्हाच तुमच्याकडे असणार. भाडेकरू राहत असेल तर त्यांच्याशी बोलूनच ही वेळ ठरवा. एकाच सकाळी तीन-चार कुटुंबं जिन्यात एकमेकांना ओलांडून गेली तर त्याचा परिणाम कुठल्याही घोषणेपेक्षा जास्त होतो, आणि त्यात खोटं काहीच नसतं.

शेवटी "लाईक, शेअर, फॉलो करा" हे जोडू नका. तुम्हाला चौकशी हवी आहे. तीच मागा आणि थांबा.

लिंक द्यायची असेल तर कशी द्यायची?

व्हॉट्सॲपची थेट चॅट उघडणारी लिंक बनते, आणि तिच्यात मेसेज आधीच टाइप करून ठेवता येतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Kothrud%202BHK
```

९१नंतर तुमचा दहा अंकी नंबर येतो. अधिकचं चिन्ह, सुरुवातीचा शून्य किंवा मध्ये मोकळी जागा यातलं काही चालत नाही. शब्दांमधल्या जागेऐवजी %20 लिहायचं. लिंक बनवली की दुसऱ्याच्या फोनवरून उघडून बघा. इन्स्टाग्राम रीलच्या कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबता येत नाही, तिथे ती बायोमध्ये ठेवावी लागते. म्हणूनच व्हिडिओत नंबर मोठ्या अक्षरांत आणि किमान आठ सेकंद दिसला पाहिजे. रीलवर खालच्या बाजूला कॅप्शन आणि उजवीकडे बटणं येतात, त्यामुळे नंबर अगदी तळाला टाकला तर तो झाकला जातो. स्क्रीनच्या मध्याच्या जरा वर ठेवा.

चौकशी आल्यावर लगेच काय पाठवायचं?

व्हिडिओत कबूल केलेलंच, आणि काही मिनिटांत. व्हॉट्सॲप बिझनेस ॲपमध्ये क्विक रिप्लाय साठवून ठेवता येतो. तिरकी रेघ आणि छोटा शब्द टाइप केला की पूर्ण मजकूर येतो. नमुन्यासाठी मजकूर असा:

"नमस्कार. कोथरूडचा टू बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. कार्पेट ६२० चौ. फूट, बाल्कनी वेगळी. खोल्यांची मापं आणि लोकेशन सोबत पाठवतो आहे. मागणी ९२ लाख. यावर मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी ६ लाख ४४ हजार. खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर ६ टक्क्यांनी ५ लाख ५२ हजार. नोंदणी फी ३० हजार. आमचं शुल्क आणि सोसायटीची ट्रान्सफर फी वेगळी, दोन्हीचे आकडे सोबत आहेत. शनिवारी १०, १०.३०, ११ किंवा रविवारी ११.३०, १२, १२.३० यातली कोणती वेळ ठेवू?"

हिशेब करताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यातली जी जास्त असेल तिच्यावर लागतं, तेव्हा रेकनर आधी तपासा. आणि पन्नास लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात खरेदीदाराला विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून भरावा लागतो, इथे ९२ हजार. हा वरचा खर्च नाही, किमतीतूनच जातो, पण पहिल्यांदा घर घेणाऱ्याला हे कोणी सांगितलेलं नसतं. तुम्ही सांगितलंत तर तो तुम्हाला लक्षात ठेवतो.

मजकुराचा शेवट प्रश्नाने झाला आहे ते पाहा. "कधी येता?" याला "कळवतो" हे उत्तर येतं. सहा वेळा पुढ्यात ठेवल्या की माणूस त्यातली एक निवडतो, किंवा सरळ नाही म्हणतो. दोन्ही उत्तरं तुमच्या उपयोगाची आहेत.

ग्रीटिंग मेसेज आपोआप जाण्याची सोयही त्या ॲपमध्ये आहे, पण पहिल्यांदाच मेसेज करणाऱ्याला किंवा चौदा दिवस काहीच बोलणं न झालेल्यालाच तो जातो. तुमच्या ओळखीच्या जुन्या ग्राहकाने "कोथरूड" पाठवलं तर त्याला काहीच जाणार नाही. त्यावर विसंबून राहू नका.

कार्पेट कोणतं सांगायचं? करारात तर बिल्ट-अप लिहिलं आहे.

जुन्या करारांत हे नेहमीचंच. आपल्या नमुन्यात करारात ७२ चौ. मीटर बिल्ट-अप आहे. १०.७६४ने गुणलं की ७७५ चौ. फूट होतात. बरेच एजंट व्हिडिओत "पावणेआठशेचा फ्लॅट" म्हणून मोकळे होतात आणि ग्राहक ते कार्पेट समजतो.

रेरा कायदा २०१६ सालचा. त्यातल्या व्याख्येनुसार कार्पेटमध्ये बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडं टेरेस धरत नाहीत. आतल्या खोल्यांमधल्या भिंती मात्र धरतात. २००१च्या करारात ही व्याख्या असणार नाही, पण आजचा ग्राहक नव्या प्रोजेक्टशी तुलना करतो ती याच मापाने. म्हणून लेझर टेपने प्रत्येक खोली स्वतः मोजा, मापं लिहा आणि बाल्कनी वेगळी सांगा. मोजायला अर्धा तासही लागत नाही. आणि व्हिजिटला कोणी टेप काढला तर तुम्ही शांत उभे राहू शकता.

मालक किंमत सांगू नका म्हणतात. मग?

मग "प्राइस ऑन रिक्वेस्ट" टाकण्याऐवजी पट्टा सांगा: "नव्वद ते पंच्याण्णवच्या दरम्यान". तेवढ्यालाही मालक तयार नसतील तर माझ्या मते तो व्हिडिओ करूच नये. सगळ्या चौकशा फक्त किंमत विचारणाऱ्या येतील आणि तुमचा दिवस "नाही हो, बजेटच्या बाहेर आहे" ऐकण्यात जाईल.

शूटिंग कसं करावं? माझ्याकडे फक्त मोबाइल आहे.

मोबाइल पुरतो. फोन उभा धरा, छातीच्या उंचीवर. डोळ्यांच्या उंचीवरून धरला की छत जास्त दिसतं आणि ओटा-बेड खुजे वाटतात.

सगळ्यात मोठी चूक ०.५ची लेन्स लावण्याची. खोली दीडपट मोठी दिसते, कोपऱ्यातलं कपाट ताणल्यासारखं दिसतं, आणि ग्राहक खोलीत आल्या आल्या म्हणतो, "व्हिडिओत मोठी वाटत होती." त्या एका वाक्याने भाव दोन लाखांनी खाली येतो. १ वरच ठेवा आणि खोलीच्या कोपऱ्यात पाठ टेकवून उभे राहा. बाथरूममध्ये १ वर काहीच मावत नाही, तिथे ०.५ चालेल, पण तेव्हा लांबी-रुंदी स्क्रीनवर लिहा.

वेळ उजेडावरून निवडा. पूर्वेच्या खिडक्या असतील तर सकाळी नऊच्या आसपास. भर दुपारी खिडकी पांढरीफट्ट येते आणि खोली काळी. चेहरा उजेडाकडे, खिडकी तुमच्या समोर, पाठीमागे नाही. आतले दिवे लावले की कधी कधी व्हिडिओत आडवे पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि फोन सेकंदाला तीस फ्रेम घेतो, त्याचा हा परिणाम. सेटिंगमध्ये २५ फ्रेम करा, बहुतेक वेळा पट्टे जातात.

आवाज हा रिकाम्या फ्लॅटचा खरा शत्रू आहे. सामान नसलेल्या खोलीत आवाज घुमतो आणि शब्द कळत नाहीत. कॉलरला लावायचा साधा माइक घ्या. तोही नसेल तर चित्रण आधी मुक्याने करा आणि मजकूर नंतर पडदे-गाद्या असलेल्या खोलीत बसून रेकॉर्ड करा. फक्त पहिलं वाक्य आणि शेवटचं आवाहन चेहरा दाखवून तिथल्या तिथे बोललेलं हवं. किचनचा नळ सोडल्याचा आवाज मात्र मूळचाच ठेवा. पाण्याचा दाब कानाला कळतो आणि त्यावर वेगळं वाक्य खर्च होत नाही. नळाखाली स्टीलचं पातेलं ठेवलं तर आणखी चांगलं.

घरात माणसं राहत असतील तर?

मालकांची आणि भाडेकरूंची दोघांचीही परवानगी व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. शूटिंगआधी देवघर, कुटुंबाचे फोटो, तिजोरी असलेलं कपाट, औषधांचा डबा, मुलांची शाळेची ओळखपत्रं हे सगळं फ्रेममधून काढा किंवा तो कोनच टाळा. दारावरची नावाची पाटी आणि फ्लॅट नंबर दाखवू नका. आरशात तुम्ही दिसताच. बेडरूमच्या कपाटाला आरसा असेल तर कॅमेरा तिरका ठेवा.

"मेट्रोपासून दोन मिनिटं" असं म्हटलं तर चालेल?

चालून बघा. संध्याकाळी सहा-सातला, फ्लॅटच्या गेटपासून स्थानकाच्या जिन्यापर्यंत. नऊ मिनिटं लागली तर "आयडियल कॉलनी मेट्रो स्थानक चालत नऊ मिनिटं" असं सांगा. वनाझपासून सुरू होणारी ही मेट्रो २०२२च्या मार्चपासून धावते आहे, तेव्हा कोथरूडमधले लोक ती वापरून बसले आहेत. दोन मिनिटं कोणाला पटणार नाहीत.

याच वर्गातलं दुसरं वाक्य म्हणजे "सोसायटी लवकरच रीडेव्हलपमेंटला जाणार". सर्वसाधारण सभेचा ठराव हातात नसेल तर हे तोंडातून काढू नका, आणि असला तरी मुदत सांगू नका. व्हिडिओत बोललेलं राहतं. पाच वर्षांनी कोणी तो तुमच्यासमोर लावेल.

महारेराचा नंबर आणि क्यूआर कोड टाकावा लागतो का?

बिल्डरच्या नोंदणीकृत प्रोजेक्टमधला फ्लॅट असेल तर हो. प्रोजेक्टचा महारेरा नंबर, संकेतस्थळाचा पत्ता आणि १ ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोडही जाहिरातीत दिसला पाहिजे, सोशल मीडियावरचा व्हिडिओही त्यात आला. नियम मोडला तर ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तिथे काम करायला तुमची एजंट म्हणून नोंदणीही लागतेच. क्यूआर कोड दोन सेकंदांत गायब होईल असा टाकू नका. माणसाला दुसऱ्या फोनने तो स्कॅन करायला वेळ लागतो. दाखवता आहात तो सॅम्पल फ्लॅट असेल तर पहिल्याच वाक्यात "हा सॅम्पल फ्लॅट आहे" म्हणा आणि फर्निचर किमतीत आहे की नाही तेही सांगा.

जुन्या सोसायटीतला मालकाचा रीसेल फ्लॅट असेल तर प्रोजेक्ट नंबरचा प्रश्न येत नाही. तुमचा एजंट नोंदणी क्रमांक असेल तर तो नावाखाली तरीही टाका.

मालकाने "फक्त शाकाहारी कुटुंबालाच" असं टाकायला सांगितलं तर?

मी टाकत नाही. मालकांशी आधीच बोलून घ्या.

मराठीत करावा की हिंदीत?

दोन्ही करायचे असतील तर वेगवेगळे करा. अर्धं वाक्य मराठी, अर्धं हिंदी असलं की दोन्हीकडचे लोक पुढे सरकतात. कोथरूडसारख्या भागात मराठी आधी. खाली अक्षरं मात्र हवीतच, कारण बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात. परदेशातले मराठी लोक आई-वडिलांसाठी पुण्यात घर बघत असतात. त्यांच्यासाठी कॅप्शनमध्ये "व्हिडिओ कॉलवर दाखवू, भारतीय वेळ रात्री आठ ते नऊ" ही एक ओळ पुरते. आणि नमुन्यातल्यासारखा बिनलिफ्टचा तिसरा मजला असेल तर आई-वडिलांसाठी तो चालणार नाही, हे त्यांना कॉलच्या आधीच सांगा.

मागे गाणं लावावं का?

नको. बिझनेस अकाउंटवर गाजलेली गाणी हक्कांमुळे बंद होतात आणि व्हिडिओ मुका होतो. लावायचंच असेल तर ॲपच्या व्यावसायिक वापराच्या संग्रहातलं, अगदी हळू.

चौकशा येतात पण व्हिजिट होत नाहीत. स्क्रिप्टमध्ये काय चुकतं ते कसं ओळखायचं?

आलेले पहिले वीस मेसेज एका जागी वाचा. बहुतेकांनी "किंमत?" विचारलं असेल तर किंमत सांगितली नाही किंवा पटकन गेली. "लोकेशन?" विचारत असतील तर नुसतं "कोथरूड" पुरेसं झालं नाही, गल्लीचं किंवा जवळच्या चौकाचं नाव घाला. "इंटरेस्टेड" म्हणून गप्प होत असतील तर आवाहनात बदल्यात काय मिळणार ते नव्हतं, किंवा तुमचं उत्तर चार तासांनी गेलं.

लोक येतात पण पाच मिनिटांत निघतात, तेव्हा ते जाताना काय बोलले ते आठवा. "जिना फार आहे", "खोली लहान आहे", "समोर भिंत आहे" यातलं जे दोनदा ऐकू आलं ते व्हिडिओत सांगितलेलंच नव्हतं, हे नक्की. ते वाक्य घालून व्हिडिओ पुन्हा टाका. बाकी काही बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

आणि ॲपच्या आकडेवारीत बघणारे पहिल्या तीन-चार सेकंदांतच निघून जात असतील तर पुढच्या कशालाही हात लावू नका. पहिलं वाक्य बदला. बहुधा तिथे तुम्ही दार उघडताना दिसता, काहीच न बोलता.

फ्लॅट विकला गेला की व्हिडिओ काढून टाकायचा का?

काढू नका. वर "विकला" असं मोठं लिहा आणि कॅप्शनचं आवाहन बदला: "याच भागात टू बीएचके हवा असेल तर ‘कोथरूड’ व्हॉट्सॲप करा, बजेट आणि मजला लिहा." त्यानंतर येणाऱ्या मेसेजांची एक लेबल लावलेली यादी ठेवा. पुढचा फ्लॅट हातात आला की व्हिडिओ टाकण्याआधी तो त्यांना पाठवा. मालक व्हिडिओ काढा म्हणाले तर मात्र त्याच दिवशी काढा. घर आता दुसऱ्याचं आहे, आणि नव्या मालकांनाही विचारायला हवं.